डेनव्हरची आठवी पायरी

१९३५ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या डेनव्हर शहरात घरोघरी एक पत्र येऊ लागलं. वर मथळा होता 'प्रॉस्पेरिटी क्लब', म्हणजे समृद्धी मंडळ. त्याच्याखाली अमेरिकेच्या नाण्यांवर असतं तेच वाक्य, 'आमचा देवावर विश्वास आहे'. मग एकाखाली एक सहा नावं आणि पत्ते. मजकूर थोडक्यात असा: यादीत सगळ्यात वर जे नाव आहे त्या माणसाला दहा सेंटचं एक नाणं, म्हणजे एक डाइम, कागदात गुंडाळून पाठवा. ते नाव खोडा. बाकीची पाच नावं एकेक घर वर सरकवा आणि सगळ्यात खाली स्वतःचं नाव लिहा. या नव्या यादीच्या पाच प्रती काढून तीन दिवसांच्या आत पाच स्नेह्यांना धाडा. साखळी तुटली नाही, तर तुमचं नाव वर पोचेल तेव्हा तुमच्याकडे १५,६२५ पत्रं येतील आणि त्यांतून १,५६२ डॉलर ५० सेंट मिळतील. हे एका डाइमच्या मोलाचं नाही का?

महामंदीची वर्षं होती. दीड हजार डॉलर म्हणजे कारखान्यातल्या माणसाच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त रक्कम, आणि मागणं काय, तर खिशातलं एक नाणं. डेनव्हरचं टपाल खातं काही दिवसांत या पत्रांच्या ओझ्याखाली दबून गेलं, जादा माणसं लावावी लागली. तिथून हे वेड देशभर पसरलं. पत्र पहिल्यांदा कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी शाळेत गणित शिकवलं. भूमिती श्रेढी शिकवताना फळ्यावर बुद्धिबळाचा पट आणि त्याच्या घराघरात दुप्पट होत जाणारे गव्हाचे दाणे काढायची पद्धत आहे. मी डेनव्हरचं पत्र लिहायचे. दाणे कोणाच्या घरात जात-येत नाहीत. पत्रातली आकडेमोड मात्र आपल्या ओळखीच्या माणसांच्या घरात आजही शिरते, फक्त कपडे बदलून. तिचं गणित कागदावर पूर्ण मांडलेलं फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून इथे ते सावकाश मांडते.

आधी १५,६२५ हा आकडा येतो कुठून ते बघू. मी पाच जणांना पत्र पाठवलं. त्यांच्या हातात पडलेल्या यादीत माझं नाव सहावं, म्हणजे तळाला. ते पाचही जण आपापलं नाव खाली घालतात तेव्हा मी पाचवी होते, आणि ती यादी पंचवीस जणांकडे जाते. पंचवीसांनी पाठवलेली १२५ जणांकडे, तिथे मी चौथी. मग ६२५, मग ३,१२५, आणि शेवटी १५,६२५ जणांच्या हातात जी यादी पडते तिच्यात माझं नाव सगळ्यात वर असतं. हेच १५,६२५ जण मला डाइम पाठवणार. पत्रातला आकडा खरा आहे, त्यात हिशेबाची एकही चूक नाही. त्याचं बळ तिथेच आहे. वाचणारा पेन्सिल घेऊन गुणाकार करून बघतो, तो बरोबर येतो, आणि त्याचा विश्वास बसतो.

या हिशेबात एक गोष्ट लिहिलेली नसते. मला पैसे मिळायचे तर माझ्याखाली सहा पायऱ्या पूर्ण भराव्या लागतात. पाच, पंचवीस, एकशे पंचवीस असं सगळं मिळून ही माणसं होतात १९,५३०. माझ्या एकटीच्या दीड हजार डॉलरसाठी एका गावाएवढी माणसं माझ्याखाली यायला हवीत. माझ्या शेजारणीलाही पत्र आलेलं असतं. तिला तिची वेगळी १९,५३० माणसं हवीत.

१९३० च्या जनगणनेत डेनव्हरची लोकसंख्या होती २,८७,८६१. आपण अगदी उदार होऊन धरू की एकानेही नकार दिला नाही. तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाने डाइम पाठवला, आणि एकाला दोनदा पत्र कधीच गेलं नाही. साखळीला याहून चांगलं शहर मिळणार नाही. पत्र सुरू करणारा माणूस शून्याव्या पायरीवर. त्याच्याखाली पहिल्या पायरीवर ५, दुसऱ्या पायरीवर २५, तिसऱ्या १२५, चौथ्या ६२५, पाचव्या ३,१२५, सहाव्या १५,६२५, सातव्या ७८,१२५. सगळ्यांची बेरीज ९७,६५६. शहरात उरले १,९०,२०५. आठव्या पायरीला हवीत ३,९०,६२५ माणसं. तेवढी शहरात नाहीतच. म्हणजे आठव्या पायरीच्या मध्यावर डेनव्हर संपलं.

वर्गात एवढ्यावर आले की मुलं म्हणायची, "बाई, मग आठव्या पायरीवाल्यांचं नुकसान झालं." बहुतेक मोठ्यांचीही समजूत हीच असते की साखळी तुटली की तळातली थोडी माणसं बुडतात आणि वरच्यांचं भलं होतं. तळाला थोडी माणसं नसतात हे तर वरच्या आकड्यांत दिसतंच. आपण आता डाइम कोणाकडे गेले ते मोजू.

सुरुवात करणाऱ्याने आपल्या नावाच्या वर पाच नावं घातली होती. ती त्याच्या मित्रांची असतील, नाहीतर त्याचीच वेगवेगळ्या पत्त्यांवरची. पहिल्या पाच पायऱ्यांवरच्या माणसांचे डाइम या पाच नावांना गेले. ते ३,९०५. सहाव्या पायरीवरच्या १५,६२५ जणांचे डाइम सुरुवात करणाऱ्याला मिळाले. सातव्या पायरीवरच्या ७८,१२५ जणांचे डाइम गेले पहिल्या पायरीवरच्या पाच जणांना. प्रत्येकी १५,६२५, अगदी पत्रात कबूल केल्याप्रमाणे. आठव्या पायरीवर पोचलेल्या १,९०,२०५ जणांचे डाइम गेले दुसऱ्या पायरीवरच्या पंचवीस जणांना. त्यांना प्रत्येकी साधारण ७,६०० मिळाले, म्हणजे कबुलीच्या निम्मे.

आणि इथे हिशेब संपला. तिसऱ्या पायरीवरच्या १२५ जणांना पैसे देणारी नववी पायरी आहेच कुठे? त्यांना काहीही मिळालं नाही. चौथीला नाही, पाचवीला नाही, सहाव्या-सातव्या-आठव्या पायऱ्यांना तर नाहीच. पावणेतीन लाखांच्या वर माणसं असलेल्या शहरात एक, अधिक पाच, अधिक पंचवीस, अशा एकतीस जणांना पैसे मिळाले. यादीतली मूळची पाच नावं धरली तर छत्तीस. बाकी सगळ्यांचा डाइम गेला.

हा आकडा मी फळ्यावर लिहिला की वर्ग गप्प व्हायचा. कोणीतरी हमखास म्हणायचं, "बाई, पण तिसऱ्या पायरीवरचे तर अगदी सुरुवातीला आलेले होते." बरोबर आहे. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाला पत्र आलं तेव्हा त्याच्याआधी अवघे एकतीस जण साखळीत होते. शहर सगळं मोकळं होतं. 'लवकर आलो म्हणून तरलो' असं म्हणायचा हक्क कोणाला असेल तर त्याला. तरीही त्याचं नाव यादीत वर सरकता सरकता शहर संपलं. लवकर येणं पुरत नाही. शहर संपायच्या सहा पायऱ्या आधी यावं लागतं, आणि शहर जर आठच पायऱ्यांचं असेल, तर दुसऱ्या पायरीनंतर आलेला प्रत्येक जण उशिराच आलेला असतो.

टपालाचा खर्च यात अजून धरलेलाच नाही. तेव्हा अमेरिकेत साध्या पत्राला तीन सेंट लागत, गावातल्या गावात दोन. पाच प्रती आणि डाइमचं एक पाकीट मिळून सहा पत्रं. गावातल्या दराने बारा सेंट. डाइमपेक्षा तिकिटांचाच खर्च जास्त. साखळीत जेवढे पैसे एका हातातून दुसऱ्या हातात गेले, त्याहून जास्त टपाल खात्यात जमा झाले असते. नवीन पैसा कुठेच तयार होत नव्हता. कोणाला मिळालेला प्रत्येक डाइम दुसऱ्या कोणाच्यातरी खिशातून आलेला होता.

आता वेळेकडे बघू, कारण माणसं फसतात ती तिथे. प्रत्येक पायरीला तीन दिवस. पाचवी पायरी पूर्ण झाली तेव्हा पंधरा दिवस उलटलेले असतात आणि साखळीत ३,९०६ माणसं असतात. शहराच्या मानाने शंभरात दीडसुद्धा नाही. तुम्ही त्या दिवशी रस्त्यात दहा जणांना विचारलंत, तर बहुधा दहाही जण म्हणतील की असलं पत्र आम्ही पाहिलं नाही. पुढच्या तीन दिवसांत सहावी पायरी भरते. आता शंभरात सात. अजूनही शहर मोकळं वाटतं. पाच पत्रं टाकली तर बहुतेकांची पाचही नव्या माणसांकडे जातात, तिघांतल्या एखाद्याचं एखादं पत्र वाया जातं. आणखी तीन दिवसांनी सातवी पायरी. आता शंभरात चौतीस. आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत सगळं शहर.

पंधराव्या दिवशी शंभरात दीडसुद्धा नाही आणि चोविसाव्या दिवशी कोणीच उरलेलं नाही. 'अजून तर कोणालाच माहीत नाही, आत्ताच शिरायला हवं' असं ज्या दिवशी प्रामाणिकपणे वाटतं, त्या दिवसापासून शेवट आठवड्या-सव्वा आठवड्यावर असतो. त्या दिवशी सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला आजूबाजूला खरोखरच कोणी शिरलेलं दिसत नसतं. पाचपट वाढणाऱ्या गोष्टीचा वेग डोळ्यांनी दिसत नाही. दिसायला लागतो तेव्हा एकच पायरी उरलेली असते. टपाल खात्याचं काय झालं असेल तेही यातूनच कळतं. सातव्या पायरीवरचे ७८,१२५ जण तीन दिवसांत प्रत्येकी सहा पत्रं टाकू लागले, तर ती पावणेपाच लाखांच्या घरात जातात.

एवढा वेळ आपण एक खोटं गृहीत धरून चाललोय. प्रत्येक जण हो म्हणेल, असं. खऱ्या आयुष्यात पत्रं केराच्या टोपलीत जातात. त्याने काय फरक पडतो?

समजा पाचांतल्या दोघांनीच साखळी पुढे नेली. पाचाच्या जागी दोन धरलं म्हणजे कमाई पाचात दोन, निम्म्याहून थोडी कमी होईल असं मनात येतं. तसं होत नाही, कारण ही घट सहा वेळा एकावर एक बसते. पाचाचा सहावा घात १५,६२५. दोनाचा सहावा घात ६४. दीड हजार डॉलरच्या जागी सहा डॉलर चाळीस सेंट. पाचांतल्या एकानेच पुढे नेलं तर एकाचा सहावा घात एकच, म्हणजे माझा डाइम मला परत मिळाला आणि तिकिटांचे पैसे गेले. पत्राने तुम्हाला पाच हा आकडा सांगितलेला असतो, पण पाच पाठवणं तुमच्या हातात असतं, पाच येणं नसतं.

दोनाच्या साखळीची दुसरी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. ती शहराला सावकाश संपवते. डेनव्हरएवढं शहर पाचाने आठव्या पायरीवर संपतं, दोनाने ते अठराव्या पायरीपर्यंत टिकतं. तीन दिवसांच्या हिशेबाने जवळजवळ दोन महिने. साखळी जास्त दिवस चालते, जास्त खरी वाटते. 'दीड महिना झाला, अजून चालू आहे, बंद पडायची असती तर पडली असती,' असं म्हणता येतं. पण पैसे मिळायला याही साखळीत खाली सहा पायऱ्या लागतातच. म्हणून ती थांबेल त्या दिवशी ज्याला मिळाले अशा एकामागे न मिळालेले त्रेसष्ट असतात. पाचाच्या साखळीपेक्षा हे प्रमाण पुष्कळ बरं आहे, हे मान्य करते. पण कबूल केलेली रक्कम मात्र दीड हजारावरून सहा डॉलरवर आलेली आहे.

मे १९३५ मध्ये मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावात हीच साखळी टपाल सोडून दुकानांत आली. रिकाम्या गाळ्यांत 'चेन लेटर'ची दुकानं उघडली. नोटरी बसवून यादीवर शिक्का मारून देत आणि डाइमच्या जागी डॉलरच्या नोटा फिरू लागल्या. मधला टपालाचा वेळ गेला, तीन दिवसांची पायरी काही मिनिटांवर आली. त्यामुळे गावाचा शेवटही तितक्याच लवकर आला. एक-दोन दिवसांत त्या दुकानांत सगळे यादी विकायला उभे होते आणि घेणारा कोणी नव्हता. अमेरिकेच्या टपाल खात्याने तोवर ही पत्रं लॉटरी आणि फसवणुकीच्या कायद्यांखाली बेकायदा ठरवलेली होती, पण स्प्रिंगफील्डची दुकानं त्या कायद्याने बंद पडण्याआधी माणसं संपल्यामुळेच पडली असं मला वाटतं.

आमच्या कोल्हापुरात ही साखळी कोणाच्या देवाच्या नावाने पोस्टकार्डावर आली होती, ते माझ्या पिढीला आठवत असेल. अमुक इतक्या जणांना लिहा नाहीतर वाईट होईल, अशी. त्यात पैसे नव्हते, भीती होती. पैशाची साखळी आली ती पुढे, हॉटेलच्या हॉलमधल्या मीटिंगमध्ये, टाय लावलेल्या पोरांबरोबर. माझा भाचा तिच्यात शिरला तेव्हा इंजिनिअरिंग पूर्ण करून वर्षभर घरी बसलेला होता. एका रविवारी वही घेऊन आला आणि म्हणाला, "आत्या, तू गणिताची आहेस, तुला लगेच पटेल. फक्त दोन आयडी लावायच्या. एक लेफ्टला, एक राइटला. ते दोघं त्यांचे दोन-दोन लावतील. जोडी जुळली की पेमेंट."

त्याने वहीत गोल काढले. वर एक, खाली दोन, त्याखाली चार, मग आठ. आठानंतर पानाची रुंदी संपली. त्याने तीन टिंबं दिली आणि म्हणाला, "असं पुढे चालूच राहतं." मी त्याला म्हटलं, "ती टिंबं आहेत ना, तिथेच सगळं आहे. ती आपण भरू." आम्ही दुसरी वही घेतली.

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या ५,४९,२३६ आहे. दोनाच्या साखळीत शून्यापासून अठराव्या पायरीपर्यंतची बेरीज ५,२४,२८७ होते. उरलेले चोवीस-पंचवीस हजार एकोणिसाव्या पायरीवर बसतात आणि शहर संपतं. मी त्याला एकच गोष्ट मोजायला लावली. त्या दिवशी कोल्हापुरात अशी माणसं किती, ज्यांच्याखाली एकही आयडी नाही? उत्तर २,७४,६१८. बरोबर अर्धं शहर. दोनाच्या साखळीत, ती कुठल्याही दिवशी थांबवा, अर्ध्या माणसांच्या खाली कोणीच नसतं. आणखी पाव माणसांच्या खाली फक्त एक-दोन जण असतात. पाचाच्या साखळीत तर खाली कोणी नसलेल्यांचं प्रमाण शंभरात ऐंशी होतं. हे माणसाच्या आळसावर किंवा मेहनतीवर अवलंबून नाही. सगळ्यांनी सारखीच मेहनत केली तरी झाडाचा आकार असाच येतो.

'मेहनत करत नाही तो मागे राहतो' हे वाक्य त्या मीटिंगमध्ये रोज सांगितलं जायचं. मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो. पैसे गेले ते गेले. पण ज्याचं झाडातलं स्थानच असं आहे की त्याच्याखाली कोणी येऊच शकत नाही, त्या पोराने घरी येऊन स्वतःला नालायक समजावं, हे मला सहन होत नाही. माझा भाचा काही महिने तसाच वावरत होता.

तो म्हणाला, "सर सांगतात, कोल्हापूर संपलं तर सांगली आहे, पुणे आहे. भारत एकशेचाळीस कोटींचा आहे." या उत्तरात माणसाला हायसं वाटतं, म्हणून ते पुरतं उलगडायला हवं. दोनाच्या साखळीने कोल्हापूर एकोणिसाव्या पायरीवर संपतं. एकशेचाळीस कोटींचा भारत तिसाव्या पायरीवर संपतो. लोकसंख्या अडीच हजार पटीने वाढली, पण पायऱ्या वाढल्या अवघ्या अकरा. पाचाच्या साखळीत तर आणखीच कमी. डेनव्हर आठव्या पायरीवर गेलं. २०११ च्या जनगणनेतला अकरा कोटी चोवीस लाखांचा महाराष्ट्र बाराव्या पायरीवर जातो. पृथ्वीवरची आठशे कोटी माणसं पंधराव्या पायरीवर संपतात. डेनव्हरपासून सगळ्या जगापर्यंत फक्त सात पायऱ्यांचं अंतर आहे. आणि भारत संपेल तेव्हाही खाली कोणी नसलेल्यांचं प्रमाण अर्धंच राहील, फक्त ते अर्धं म्हणजे सत्तर कोटी असतील.

आपल्याकडे याला बंदी आहे, आणि जुनी आहे. प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ चा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम आले, त्यांत पिरॅमिड योजना चालवायला आणि तिच्यात माणसं ओढायला स्पष्ट मनाई आहे. माल थेट घरी विकणं बेकायदा नाही. म्हणून साखळीवाले हातात काहीतरी वस्तू देतात. भाच्याला एक किट मिळालं होतं, त्यात साबण, एक पावडरचा डबा आणि एक सीडी. मी त्याला विचारलं, "उद्यापासून एकही नवीन जॉइनिंग झालं नाही, तर या साबणाच्या विक्रीवर तुला किती मिळतील?" तो बराच वेळ वहीत बघत राहिला. त्याच्या पेमेंटच्या तक्त्यात साबणाला रकानाच नव्हता. सगळे रकाने जोड्यांचे होते. माल आहे की नाही यापेक्षा पैसा मालातून येतो की नवीन माणसाच्या प्रवेश रकमेतून येतो, हे बघायचं, आणि ते बघायला तो तक्ता पुरतो.

तरी गणिताने तो लगेच बाहेर पडला असं झालं नाही. एकोणिसावी पायरी त्याला फार दूरची वाटत होती. "मी आत्ता नवव्या-दहाव्या लेव्हलला आहे, आत्या, अजून वेळ आहे," असं तो म्हणाला. डेनव्हरच्या तिसऱ्या पायरीवरच्या माणसालाही तसंच वाटलं असणार. पण खऱ्या गावात साखळी गणिताच्या पायरीपर्यंत पोचतच नाही, त्याच्या खूप आधी अडते. कारण आपण गावातली कुठलीही पाच माणसं निवडत नाही, ओळखीची निवडतो, आणि आपल्या ओळखीचे एकमेकांच्याही ओळखीचे असतात. शहर साडेपाच लाखांचं असलं तरी एका पोराचं शहर म्हणजे त्याचं कॉलेज, त्याची तालीम, त्याची पेठ आणि नातेवाईक. ते काही शे माणसांचं असतं, आणि ते त्याच्या मित्रांच्या शहरावर जवळजवळ पूर्ण पडलेलं असतं. शहरातली चौतीस टक्के माणसं आत आली की अडचण सुरू होते, हा मघाचा हिशेब अख्ख्या शहराला लागू. पेठेत ते चौतीस टक्के कधीच होऊन गेलेले असतात.

त्या मीटिंगमध्ये पहिल्याच दिवशी प्रत्येकाला शंभर नावांची यादी करायला सांगतात. मामा, काका, मित्र, शेजारी, दूधवाला, जुने शिक्षक, जो आठवेल तो. भाच्याची यादी त्याच्या वहीत होतीच. मी त्याला म्हटलं, तुला ज्याने आत घेतलं त्या मित्राची यादी एक दिवस मागून आण. दोघं एकाच पेठेतले, एकाच वर्गातले. त्याने ती आणली. आम्ही दोन्ही वह्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर शेजारी ठेवल्या आणि जी नावं दोन्हीकडे आहेत त्यांच्यावर लाल पेनाने खूण करत गेलो. पहिल्या पानावर निम्म्याहून जास्त नावांना लाल खूण आली. ज्यांना आली नाही, त्यांत त्याचा मामा, मावशी आणि आमच्याकडच्या नात्यातलीच माणसं उरली होती.

"म्हणजे माझ्याकडे फक्त घरचे उरले," तो म्हणाला. मग पुढची पानं त्याने स्वतःच उलटली आणि मला विचारलं की प्रवेश घेतलेले पैसे लेखी अर्ज करून परत मागता येतात का. आम्ही त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. खाली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला प्रत असं घातलं, आणि त्याने ज्या दोघांच्या आयडी लावल्या होत्या त्यांच्या घरी जाऊन त्यांनाही तसेच अर्ज लिहून दिले.